शटर दूध थांबवत नाही

जाहिरात एजन्सीकडून येणाऱ्या कागदावर एक ओळ हमखास असते : ‘ग्लासात दूध पडताना स्प्लॅश, थेंब एकदम फ्रीझ, शटर १/८०००.’ ज्यूसचं काम असलं तर ‘दूध’ खोडून ‘मोसंबी’ लिहितात, आकडा तोच राहतो. गोरेगावच्या गाळ्यात दूध आणि ज्यूस ओतून फोटो काढणं हे माझं पोटाचं काम आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. या ओळीतला शेवटचा शब्द चुकीचा आहे, आणि त्या एका शब्दापायी अर्धा दिवस आणि कित्येक लिटर दूध वाया जातं.

स्टुडिओत थेंब शटर थांबवत नाही. थेंब थांबवतो फ्लॅश.

शटरला मर्यादा आहे. कॅमेऱ्यात सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून बंद करत येतो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो, आणि फ्लॅश त्याच क्षणी उडतो. त्याहून वेगवान शटर लावलं की दुसरा पडदा लवकर निघतो. मग सेन्सर पूर्ण उघडा कधीच नसतो, त्याच्यावरून फक्त एक अरुंद फट सरकत जाते. त्यात फ्लॅश उडवला तर फोटोवर काळा पट्टा येतो.

‘हायस्पीड सिंक लावा ना,’ असं सेटवर कोणीतरी सांगतंच. लावता येतं. त्यात फ्लॅश एकदाच उडण्याऐवजी फट सरकत असेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. सेन्सरच्या प्रत्येक ओळीला १/८००० सेकंदच प्रकाश मिळतो, पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात तीन-चार मिलिसेकंदांचं अंतर पडतं. तेवढ्यात पडणारं दूध पाऊण ते एक सेंटिमीटर खाली आलेलं असतं. थेंबाची कड स्वच्छ दिसते, पण दुधाची धार आणि दुधाचा वर उडालेला पातळ पडदा ताणलेला किंवा दबलेला येतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे त्याला कळतं.

दुसरी अडचण उजेडाची. आरेच्या मोकळ्या रस्त्यावर भर दुपारचं ऊन असेल तर आयएसओ १०० आणि एफ १६ ला शटर साधारण १/१०० लागतं. तेच १/८००० ला करायचं तर ऐंशीपट ऊन पाहिजे. गाळ्यात ते कुठून आणणार? मग आयएसओ वाढवायचा आणि पांढऱ्या दुधात दाणे येऊ द्यायचे, किंवा अ‍ॅपर्चर उघडायचं आणि निम्मे थेंब फोकसबाहेर घालवायचे. दोन्हीत नुकसान दुधाचंच.

खरी पद्धत उलट्या बाजूने सुरू होते. आधी खोलीत अंधार. शटर १/२००, एफ ११ ते १६, आयएसओ १००. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. खिडकीची फट, ट्यूबलाइट, लॅपटॉपचा पडदा, काहीही उमटलं तर ते आधी झाकायचं, कारण तो उजेड शटर उघडं असेपर्यंत थेंबामागे शेपूट काढत राहतो. काळा फोटो आला की शटरचं काम संपलं. आता कॅमेऱ्याला प्रकाश दिसणार तो फक्त फ्लॅश पेटल्यापासून विझेपर्यंत. तो काळ जितका छोटा, तितका थेंब स्थिर.

किती छोटा हवा, हे हिशेबाने ठरतं. समजा जग ग्लासातल्या दुधापासून ३० सेंटिमीटर वर धरला आहे. खाली पोचताना दुधाचा वेग सेकंदाला साधारण २.४ मीटर होतो. १/२०० सेकंदात ते १२ मिलिमीटर सरकतं, म्हणजे बोटाच्या नखाएवढं. १/१००० मध्ये अडीच मिलिमीटर. १/१०,००० मध्ये पाव मिलिमीटर. १/२०,००० मध्ये त्याच्याही निम्मं. आता फ्रेम ३० सेंटिमीटर रुंद आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल, तर एका मिलिमीटरला २० पिक्सेल येतात. १/१००० ला थेंब जवळजवळ पन्नास पिक्सेल फरफटतो, १/१०,००० ला पाच, १/२०,००० ला दोन-अडीच. दुधाच्या पिशवीवर छापायला पाच पिक्सेल खपून जातात. हायवेवरच्या होर्डिंगसाठी त्याच फोटोतला एक थेंब कापून मोठा करायचा असेल तर दोनच हवेत. म्हणजे आकडा फोटोच्या वापरातून येतो, कॅमेऱ्याच्या जाहिरातीतून नाही.

इथे पुढचा खड्डा आहे. फ्लॅशची ताकद आणि त्याचा काळ यांचं नातं सगळ्या दिव्यांत सारखं नसतं. कॅमेऱ्यावर लावायचा छोटा फ्लॅश आणि आजचे बरेच स्टुडिओ दिवे ताकद कमी करताना प्रकाश मधेच तोडून टाकतात. म्हणून ताकद जितकी कमी, तितका काळ छोटा. छोटा फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण १/१००० च्या आसपास असतो, तर बत्तिसाव्या भागावर १/१५,००० च्या घरात जातो. जुने स्टुडिओ दिवे मात्र ताकद कमी करायला विजेचा दाब उतरवतात. त्यांत ताकद कमी केली की काळ उलट लांबतो. भाड्याने आणलेला जुना दिवा ‘बारीक’ करून दिवसभर ओतत बसलेले लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक फोटोत थेंबाची एक कड धारदार आणि दुसरी धुरकट.

त्या धुरकट कडेचं आणखी एक कारण असतं. फ्लॅश झपकन पेटतो, पण हळूहळू विझतो. माहितीपत्रकावर लिहिलेला काळ बहुधा निम्म्या उजेडापर्यंतचाच मोजलेला असतो. उरलेलं शेपूट त्यात धरत नाहीत. शेपटासकट मोजलं तर साध्या दिव्यात तो काळ जवळपास तिप्पट निघतो. १/२००० लिहिलेला दिवा दुधापुढे १/७०० सारखा वागतो. खरेदी करताना किंवा भाड्याने घेताना दोन आकडे विचारायचे, टी ०.५ आणि टी ०.१. आपल्या कामाचा दुसरा.

आकडा मिळाला नाही तर टेबल फॅन घ्या. पात्याच्या टोकाला पांढऱ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, अंधारात पंखा जोरात चालवा आणि फ्लॅशवर फोटो काढा. मिनिटाला १३०० फेरे आणि पात्याची लांबी २० सेंटिमीटर धरली तर टोक सेकंदाला साधारण २७ मीटर वेगाने फिरतं. पट्टी आपल्या रुंदीपेक्षा २७ मिलिमीटर जास्त लांब दिसली तर दिवा १/१००० चा. तीन मिलिमीटरच्या आत राहिली तर १/१०,००० च्या आसपासचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुधाचा एक थेंबही सांडत नाही.

ताकद कमी केली की उजेड तुटपुंजा पडणार, हे उघड आहे. त्याला दोन उपाय. एक मोठा दिवा जोरात मारण्याऐवजी तीन-चार छोटे फ्लॅश एकाच ट्रेसिंग पेपरमागे बत्तिसाव्या भागावर लावायचे. आणि दिवे जवळ आणायचे. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. माझ्या टेबलावर ट्रेसिंगची चौकट ग्लासापासून हातभर अंतरावर असते.

मग येतो नेम. डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात दूध २० सेंटिमीटर पडलेलं असतं. म्हणजे स्प्लॅश दिसला म्हणून बटण दाबलं तर तो कधीच संपलेला असतो. ताल जमवायला लागतो. ओतणारा मोठ्याने मोजतो, ‘एक, दोन, सोड’, आणि मी ‘सोड’च्या अंगावर दाबतो. एका ओतण्याला एकच फोटो. कॅमेरा धडाधडा चालवला तर दुसऱ्या-तिसऱ्या फोटोला फ्लॅश भरलेला नसतो. चाळीस-पन्नास वेळा ओतलं की सात-आठ कामाचे फोटो हाती येतात.

एकेकट्या थेंबाचं काम असेल तर वाटेत सेन्सर लावतात. थेंब सुटल्यावर २० सेंटिमीटरवर त्याने अदृश्य किरण तोडला, तर उरलेले १० सेंटिमीटर पडायला ४५ मिलिसेकंद लागतात. तिथून पाच-पाच मिलिसेकंदांनी उशीर वाढवत गेलं की थेंब टेकण्यापासून उसळी ओसरेपर्यंतच्या सगळ्या अवस्था एकामागून एक मिळतात. फोकस मात्र हातानेच. थेंब जिथे पडणार तिथे चमच्याचा दांडा उभा धरायचा, त्यावर फोकस करायचा, ऑटोफोकस बंद करायचा आणि दांडा काढायचा.

आता दुधाकडे वळू. गोरेगावकराला दूध शिकवायची गरज नाही. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने इथेच उभी राहिली, आणि तबेल्याचं म्हशीचं दूध आणि पिशवीतलं टोन्ड यांतला फरक इथली माणसं ग्लास तिरका करूनच ओळखतात. म्हशीचं दूध काचेवर पांढरट पापुद्रा सोडत उतरतं, टोन्ड लवकर निथळतं. कॅमेराही तेच पाहतो. ३ टक्के फॅटचं टोन्ड दूध खोलीतल्या उकाड्यात ओतलं तर बारीक चिळकांड्या उडतात. ६ टक्क्यांचं फुल क्रीम फ्रीजमधून काढून लगेच ओतलं तर धार थोडी अंगाने भरते आणि पडदा फाटण्याआधी जरा जास्त रुंद पसरतो. उष्णतेने दूध पातळ होतं, म्हणून मी पातेलं बर्फाच्या परातीत ठेवतो आणि दर दहा ओतण्यांनंतर दूध बदलतो.

दुधाचा खरा शत्रू फेस. उंचावरून ओतलं की दुधात हवा शिरते, आणि दुधातली प्रथिनं त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. पाण्यातला बुडबुडा लगेच फुटतो, दुधातला बसून राहतो. फोटोत तो ग्लासाच्या काठावर साबणासारखा दिसतो. उपाय साधा आहे. पहिल्या ओतण्याआधी ग्लासातलं दूध काठाने, ओगराळ्याने, हळू सोडायचं. प्रत्येक फोटोनंतर ग्लास बदलायचा. एकसारखे सहा ग्लास हाताशी नसतील तर काम सुरूच करायचं नाही. आणि खाली सांडलेलं दूध परत जगात कधीच घालायचं नाही. त्यात फेस असतो, कापडाचे धागे असतात, आणि तो एक धागा पुढे थेंबाच्या मधोमध दिसतो.

ज्यूसला वेगळी वागणूक लागते. मिक्सरमधून काढलेला मोसंबीचा रस हवेने भरलेला असतो. मलमलच्या कापडातून गाळून तो अर्धा तास फ्रीजमध्ये शांत ठेवायचा. चोथा राहिला तर उडालेल्या पडद्याला तिथेच भोक पडतं. दुधावर उजेड बाजूने आणि थोडा मागून टाकला की त्याची गोलाई करड्या छटांनी उठते. समोरून टाकला तर पांढऱ्यावर पांढरं होऊन दूध सपाट पुठ्ठ्यासारखं दिसतं. रसातून मात्र उजेड आरपार जावा लागतो. ग्लासामागे त्याच्याच आकाराचा, त्याहून किंचित लहान पांढरा गत्ता कापून उभा करायचा आणि त्यावर एक फ्लॅश टाकायचा. रस आतून पेटतो. हा गत्ता नसेल तर नारंगी रस काळपट चहासारखा येतो.

थेंब स्वच्छ ठेवणं ही कॅमेऱ्यासमोरची शिस्त आहे, कॉम्प्युटरवरची नाही. लेन्ससमोर स्वच्छ काच उभी ठेवायची आणि दर फोटोला पुसायची, कारण तिच्यावर उडालेला ठिपका फोटोत धुरकट डाग होऊन बसतो. मागचा पडदा ग्लासापासून निदान मीटरभर लांब ठेवायचा, नाहीतर त्यावर वाळलेले थेंब हवेतल्या थेंबांत मिसळतात. एवढं केलं तर नंतर पुसायचं उरतं ते थोडंच.

आणि पुसताना हात आवरायचा. इथेच बहुतेक फोटो मरतात.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन याने १८७५ पासून दूध आणि पाऱ्याचे थेंब पाडून, ठिणगीच्या उजेडात डोळ्यांनी पाहून, उसळीची चित्रं काढली. त्याच्या चित्रांत उसळीचा मुकुट सुरेख समतोल असायचा, सगळी टोकं सारख्या अंतरावर. पुढे १८९४ मध्ये त्याला ठिणगीवर फोटो काढणं जमलं, आणि फोटोत मुकुट वेडावाकडा निघाला. एक टोक लांब, एक आखूड, एक आधीच तुटलेलं. वर्षानुवर्षं त्याच्या डोळ्याने आणि हाताने मिळून वाकडेपणा सरळ करून टाकला होता. ते त्याने मान्य केलं आणि फोटो छापले. १९०८ साली त्याचं ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ हे पुस्तक आलं. पुढे अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने स्ट्रोबच्या झगमगाटात दुधाच्या थेंबाचा तो प्रसिद्ध मुकुट टिपला. त्याचा १९५७ चा रंगीत फोटो जगभर पोचला. वर्षानुवर्षं थेंब पाडूनही त्याला पूर्ण समतोल मुकुट हवा होता तसा मिळाला नाही. दूध तसं वागतच नाही.

आपल्याकडे रीटचिंग करणारे नेमके वर्दिंग्टनच्या जुन्या चित्रांकडे परत जातात. वाकडं टोक कापतात, डावी बाजू उलटवून उजवीला चिकटवतात, हवेतल्या थेंबांना अश्रूसारखं शेपूट काढतात. हवेतला छोटा थेंब गोल असतो. पृष्ठताण त्याला चेंडूसारखा आवळतो. शेपूट असतं ते फक्त नुकत्याच तुटलेल्या धाग्याला, आणि तेही टोकाला गाठ घेऊन. धागा तुटला की दोन मोठ्या थेंबांच्या मधे बऱ्याचदा एक इवलासा थेंब मागे राहतो. त्याला कचरा समजून पुसलं की धाग्याची गोष्टच तुटते. बघणाऱ्याला नियम माहीत नसतो, पण रोज सकाळी चहात दूध पडताना त्याने हे हजारो वेळा पाहिलेलं असतं.

म्हणून मी पुसताना तीन प्रश्न विचारतो. हा थेंब कुठून आला, हे मागे जाऊन दाखवता येतं का? त्याच्यावरची दिव्याची खिडकी बाकी थेंबांच्याच बाजूला चमकते का? आणि त्याची कड शेजाऱ्याएवढीच धारदार आहे का? तिन्हीला हो असेल तो थेंब राहतो, कितीही वेडावाकडा असो. पाच-सहा फोटो जोडून एक स्प्लॅश करायचा असला तरी हेच. कॅमेरा आणि दिवे त्या वेळात जागचे हललेले नसावेत. जोडलेल्या थेंबात खिडकी डावीकडे आणि ग्लासावर उजवीकडे चमकत असली, की दुसऱ्या सेकंदाला खोटेपणा उघडा पडतो.

दुधाच्या जागी पातळ केलेला पांढरा रंग वापरणं हाही तोच खोटेपणा आहे. रंगाची धार दोरखंडासारखी जाड पडते, चिळकांडी उडत नाही, आणि ग्लासावर पापुद्रा चढत नाही. दूध विकायचं असेल तर ग्लासात तेच दूध पाहिजे. ग्राहक ते ओतून पाहणारच आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा एक कागद आला, पुन्हा १/८०००. मी तो आकडा खोडून तीन ओळी लिहून परत पाठवला : दूध किती उंचीवरून कशात पडणार, फोटो किती मोठा छापणार, आणि वाकडा थेंब ठेवायचा की नाही. पहिल्या दोन ओळींवरून फ्लॅश किती छोटा हवा ते मी काढू शकतो. तिसऱ्या ओळीचं उत्तर ‘ठेवा’ असं आलं. शनिवारसाठी बारा लिटर फुल क्रीम दुधाची ऑर्डर दिली आहे.